नकाराच्या चार ओळी

आपल्याकडे होकार कळवायची पद्धत आहे. नकार आपोआप कळतो. मुलगी पाहून गेलेल्या मंडळींकडून पंधरा दिवस काही आले नाही, की पत्रिका जुळली नसावी असे मुलीच्या बापाने समजून घ्यायचे. नोकरीच्या अर्जांतही आमच्या भाच्याला हेच तत्त्वज्ञान लागू करायचे होते.

चिरंजीवांनी तीन कंपन्यांत अर्ज टाकले होते. पैकी एकीचे नेमणूकपत्र आले आणि सोमवारी त्यांनी त्यावर सही करून होकार कळवला. दुसरीत गुरुवारी अकराला मुलाखतीची तिसरी फेरी होती. तिसरीत अर्ज नुसताच पडून होता.

"मग गुरुवारचं काय?" मी विचारले.

"जाणार नाही. समजतील ते."

"कळवायला नको?"

"मामा, ते कळवतात का आपल्याला?"

प्रश्न बिनतोड होता. कंपन्या उत्तर देत नाहीत म्हणून उमेदवार दहा ठिकाणी अर्ज करतो. उमेदवार ऐनवेळी गायब होतात म्हणून कंपन्या गरजेपेक्षा जास्त माणसे बोलावतात. आणि इतक्यांना उत्तर कोण देणार म्हणून कोणालाच देत नाहीत. 'आधी त्याने सुरुवात केली' हे भांडण शाळेच्या पहिल्या बाकापासून चालत आले आहे.

पण कंपनी ही काही रुसणारी बाई नव्हे. आपल्या गप्प बसण्याने तिचे काही बिघडत नाही. बिघडते ते गुरुवारचा एक तास राखून बसलेल्या तीन माणसांचे, आणि त्याहून जास्त यादीतल्या पुढच्या उमेदवाराचे. ज्या कंपनीवर सूड उगवायचा तिला पत्ता नाही, आणि ज्याने आपले काही केले नाही तो वेटिंग लिस्टवरच्या प्रवाशासारखा फलाटावर ताटकळतो. आत बर्थ रिकामा!

"पण सोमवारचं फिसकटलं तर? एक हाताशी असू दे ना!"

यात व्यवहार आहे हे मी मान्य करतो. तोंडी होकारावर विसंबून कोणी दुसरे दार लावू नये. लेखी पत्र हातात येऊ द्यावे, पगार आणि रुजू होण्याची तारीख नीट वाचावी, मगच सही करावी. पण सही झाल्यावरही दुसरे हाताशी ठेवायचे म्हणजे साखरपुडा करून स्थळे पाहत राहण्यापैकी आहे. तेव्हा सहीच्या आधी घाई नको आणि सहीनंतर उशीर नको.

भाच्याने मसुदा केला. बावीस ओळी! त्यात हिंजवडीची वाहतूक होती, आईचे गुडघे होते आणि नव्या पगाराचा आकडाही होता. मी म्हटले, आकडा वाचून त्यांना वाटेल की तू घासाघीस करतोयस. मग तो दुसऱ्या टोकाला गेला: 'वैयक्तिक कारणास्तव येऊ शकत नाही.' हे खोटे नव्हे, पण खरेही नव्हे. भला माणूस असला तर लगेच विचारील, "मग सोमवारी जमेल?" म्हणजे पुन्हा एक पत्र आले. 'दुसरीकडून नेमणूकपत्र मिळाले आहे' असे लिहिले तरी दार किलकिलेच राहते. 'मिळाले' आणि 'स्वीकारले' या दोन क्रियापदांत सगळा फरक आहे.

शेवटी मुलाखतीचे बोलावणे आलेल्या ईमेललाच उत्तर म्हणून, म्हणजे पदाचे नाव आणि अर्जाचा क्रमांक विषयात आपोआप राहील असे, हे गेले:

'मी दुसरीकडची नोकरी स्वीकारली आहे. म्हणून या पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. गुरुवारी ११ वाजताची मुलाखत कृपया रद्द करावी. आतापर्यंत दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे.'

नव्या कंपनीचे नाव नाही, कारणमीमांसा नाही, माफीची दंडवते नाहीत. त्यांनी अजून नोकरी देऊ केलेली नव्हती, तेव्हा माफी कसली? देऊ केली असती तर आभार जरा वाढवावे लागले असते. आणि तिथे होकार देऊन मग फिरला असता, तर ईमेलमागे न लपता फोनच करावा लागला असता.

अर्ध्या तासात उत्तर आले: 'कळवल्याबद्दल धन्यवाद. ती वेळ दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत.' हा दुसरा कोण, ते आम्हांला कधीच कळणार नाही. त्यालाही आमचा भाचा कळणार नाही. बहुतेक चांगुलपणा असाच बेनामी खात्यावर जमा होतो.

तिसऱ्या कंपनीलाही भाच्याने हाच मजकूर धाडला, पण अर्ज मिळाल्याची पोच ज्या पत्त्यावरून आली होती त्याच पत्त्यावर. पत्त्याची सुरुवात noreply अशी होती. म्हणजे या पेटीला तोंड आहे, कान नाहीत. अशा ठिकाणी कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन अर्ज मागे घेण्याचे बटण शोधावे लागते. ते त्याने शोधले नाही.

दोन महिन्यांनी तिकडून पत्र आले: 'आपली निवड होऊ शकली नाही, याचा आम्हांला खेद वाटतो.'

"मामा," भाचा म्हणाला, "माझ्या नकाराला त्यांनी नकार दिला! पण कळवलं हं!"