आत्ता नाही, जूनमध्ये बोलू

नोकरी शोधत नसताना नोकरीच आपल्याला शोधत येते, तेव्हा मन क्षणभर सुखावतं. काल रात्री लिंक्डइनवर असाच एक निरोप आला. बंगळुरूच्या एका कन्सल्टन्सीतल्या मुलीचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला पुण्याच्या प्लांटसाठी क्वालिटी हेड हवा आहे, तुमचा मशीनिंगमधला अनुभव जुळतो, बोलू या का? कंपनीचं नाव दिलेलं नव्हतं. पहिल्या निरोपात ते बहुधा नसतंच. पण माझं काम तिनं नीट वाचलेलं दिसत होतं, पैशाबिशाची काही मागणी नव्हती. म्हणजे निरोप खरा. उमेदवाराकडून पैसे मागणारा माणूस हेडहंटर नसतो, तो फसवणारा असतो.

सकाळी चहा घेताना उत्तराचा विचार करत होते. मला ती जागा आवडली आहे. पण आत्ता जायचं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या दोन्ही समोरच्याला कळायला हव्यात. आपल्यापैकी बरेच जण अशा वेळी गप्प बसतात, नाहीतर ‘सध्या नको, पुढे बघू’ असं लिहून मोकळे होतात. या ‘पुढे बघू’चा ऐकणाऱ्याच्या लेखी अर्थ सरळ नकार असा होतो. तो पुढे बघणार कधी आणि कशासाठी? त्याच्या यादीत आपल्या नावापुढे लिहायला काहीच उरत नाही.

तिच्या बाजूनं हा व्यवहार कसा चालतो ते पाहिलं तर हे लगेच पटेल. आपल्याकडच्या बहुतेक कन्सल्टंटना मोबदला मिळतो तो उमेदवार रुजू झाल्यावर. वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा खूप ठिकाणी चालणारा दर. रुजू होण्याआधी केलेली सगळी शोधाशोध पदरमोडीची. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला निरोप पाठवायलाही पैसे भरून मिळालेलं क्रेडिट खर्च होतं. मात्र 90 दिवसांत उत्तर आलं तर ते क्रेडिट परत मिळतं, उत्तर नकाराचं असलं तरी. म्हणजे आपल्या दोन ओळींच्या नकारानंही तिचं काही वाचतं, आणि आपल्या गप्प बसण्यानं वाया जातं. आपला वेळही दोन मिनिटांपेक्षा जास्त जात नाही. एवढ्याचसाठी उत्तर दिलं तरी चालेल, पण मला त्याहून जास्त हवं आहे. मला जूनमध्ये तिच्याशी बोलायचं आहे.

जूनच का, याचा हिशोब मी कागदावर मांडला. आमच्याकडे एका नव्या गाडीच्या स्टीअरिंग नकलचं काम सुरू आहे. सॅम्पल पास व्हायचे आहेत, मग पीपॅपची कागदपत्रं, आणि ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू. माझी नोटीस 90 दिवसांची. ऑगस्टच्या सुरुवातीला लाइन चालू झाल्यावर राजीनामा दिला, तर मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोकळी होईन. पहिल्या लॉटच्या तक्रारी याच तीन महिन्यांत येतात, आणि त्या निस्तरायला मी जागेवर असेन. सप्टेंबरमध्ये या कंपनीत माझी पाच वर्षंही पुरी होतात. ग्रॅच्युइटीसाठी कामाचा शेवटचा दिवस धरतात, राजीनाम्याची तारीख नाही, त्यामुळे तीही हातची जात नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 60 हजार धरले, तर भागिले 26, गुणिले 15, गुणिले पाच, म्हणजे साधारण 1 लाख 73 हजार होतात. रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

आता उलटं मोजायचं. नोव्हेंबरमध्ये रुजू व्हायचं तर जुलैअखेर ऑफर हातात हवी. मुलाखतीच्या फेऱ्या, प्लांटची भेट, पगाराची बोलणी यांत महिना-दीड महिना सहज जातो. म्हणजे बोलणं जूनमध्ये सुरू व्हायला हवं. इथे पुष्कळांची गल्लत होते. ते मनात मोकळं होण्याची तारीख धरतात आणि ‘नोव्हेंबरमध्ये बोलू’ असं सांगतात. नोव्हेंबरला बोलायला सुरुवात केली की फेऱ्या आणि नोटीस धरून पुढची नोकरी मार्चवर जाते. ‘नंतर’ सांगताना दोन तारखा सांगाव्या लागतात, बोलण्याची आणि रुजू होण्याची.

कारण कोणतं द्यायचं, यावर मी जरा थांबले. ग्रॅच्युइटीचं कारण खरं आहे, पण ते पैशाचं कारण आहे, आणि पैशाच्या कारणाला उत्तर तयार असतं. ‘जॉइनिंग बोनस मिळेल, नोटीस बायआउट करून देतो’ असं ती म्हणेल आणि ते तिचं कामच आहे. मग मी काय सांगणार? हातातलं काम पुरं करायचं आहे हे कारण कुणी विकत घेऊ शकत नाही, आणि माझ्या लेखी तेच पहिलं आहे. ज्या सुपरवायझरनं आणि ज्या पोरांनी माझ्या शब्दावर रात्रपाळ्या केल्या, त्यांना सॅम्पलच्या टप्प्यावर सोडून मी जाणार नाही. तेव्हा नकार देताना तेच कारण द्यावं, ज्यावरून आपण कुठल्याही आकड्याला हलणार नाही. कामाबद्दल लिहितानाही हात राखून लिहायचं. गाडी कुणाची, भाग कोणता, उत्पादन कधी सुरू होणार, हे ग्राहकाचं गुपित असतं. ‘हातातलं एक काम’ एवढं पुरतं. आणि उत्तर आपल्या स्वतःच्या खात्यावरून, ऑफिसच्या मेलवरून नाही.

शेवटी मी पाठवलं ते उत्तर इंग्रजीत होतं. त्याचा मजकूर असा:

‘नमस्कार मॅडम. निरोपाबद्दल आभार. तुम्ही सांगितलेली जागा माझ्या कामाशी जुळणारी आहे. पण हातातलं एक काम मला ऑगस्टपर्यंत पुरं करायचं आहे, त्यामुळे या जागेसाठी मी येऊ शकत नाही. कृपया माझं नाव किंवा प्रोफाइल कंपनीकडे पाठवू नये. जूनमध्ये बोलायला मला नक्की आवडेल. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, म्हणून नोव्हेंबरच्या आधी रुजू होणं शक्य नाही. पुण्यातच, पूर्ण प्लांटच्या क्वालिटीची जबाबदारी असलेली जागा असेल तर मला रस आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतःहून निरोप पाठवीन.’

यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य नाव न पाठवण्याचं आहे. ते काहींना तुटक वाटेल. पण असं होतं की नकार दिल्यावर समोरून विनंती येते, ‘हरकत नाही, फक्त रेकॉर्डसाठी सीव्ही पाठवून ठेवा.’ आपण भिडेखातर पाठवतो. तो सीव्ही कंपनीकडे गेला की तिथल्या नोंदीत आपण त्या कन्सल्टन्सीचे उमेदवार होतो, आणि ही नोंद पुष्कळदा सहा महिने, कधी वर्षभर धरली जाते. जूनमध्ये त्याच कंपनीत आपला जुना सहकारी आपलं नाव सुचवतो, किंवा दुसरा कन्सल्टंट अधिक चांगली जागा घेऊन येतो, तेव्हा कंपनीचा एचआर सांगतो, ‘यांचा सीव्ही आमच्याकडे आधीच आला आहे.’ मग फी कुणाची, यावर दोन कन्सल्टंटमध्ये वाद. तो वाद अंगावर घेण्यापेक्षा कंपनीला दुसरा उमेदवार बघणं सोपं वाटतं. दुसरा धोका म्हणजे आपल्याच कंपनीत कुणकुण लागण्याचा. सुट्या भागांच्या धंद्यात चाकण, भोसरी, रांजणगाव इथली क्वालिटीची माणसं एकमेकांना ओळखतात. एका प्लांटच्या एचआरकडे गेलेला सीव्ही दुसऱ्या प्लांटच्या कँटीनमध्ये पोचायला वेळ लागत नाही. म्हणून सीव्ही जूनमध्येच द्यायचा, आणि कोणत्या कंपनीसाठी देतोय हे कळल्यावरच.

तासाभरात तिचा फोन आला. ‘एकदा बोलून तर बघा मॅडम, बांधील काहीच नाही.’ मी तेच उत्तर पुन्हा सांगितलं. जायचं नसताना मुलाखतीला जाणं मला मान्य नाही. एक फेरी होते, मग दुसरी, मग त्यांचा प्लांट हेड अर्धा दिवस काढतो, आणि ऑफर आली की आपण नाही म्हणतो. त्या मुलीचे दीड-दोन महिने त्यात जातात आणि कंपनीच्या नोंदीत आपल्या नावापुढे कायमची खूण राहते. ती ऑफर स्वतःच्या साहेबांना दाखवून पगार वाढवून घेणारेही आहेत. मला ते चुकीचं वाटतं, आणि व्यवहार म्हणूनही तोट्याचं. जूनमध्ये हेच लोक दारात उभं करणार नाहीत.

फोनवर तिनं विचारलं, दुसरं कुणी सुचवाल का? एक जण माझ्या डोळ्यांसमोर आला, पूर्वीच्या कंपनीतला, बदल शोधणारा. पण त्याला न विचारता नंबर दिला नाही. दुपारी त्याला फोन केला, तो हो म्हणाला, मग दोघांची गाठ घालून दिली. मी येणार नसले तरी तिच्या कामाला हातभार लागला, आणि जूनमध्ये माझं नाव तिला आठवायला एक कारण राहिलं.

ही जागा माझ्यासाठी थांबणार नाही, हे मी धरून चालले आहे. ज्या कंपनीला आज क्वालिटी हेड हवा आहे ती जूनपर्यंत खुर्ची रिकामी ठेवणार नाही आणि तशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. राहतो तो फक्त त्या मुलीशी आलेला संबंध. तिनं नोकरी बदलली तर कन्सल्टन्सीची यादी मागे राहील, म्हणून तिला व्यक्ती म्हणून जोडून घेतलं. फोनमध्ये जूनच्या पहिल्या सोमवारी आठवण लावली आहे. तोवर माझा विचार बदलला, इथेच राहायचं ठरलं, तरी त्या दिवशी निरोप जाईलच, ‘आता बदल करायचा नाही’ असा.

तुमच्याकडेही असा एखादा निरोप उत्तराविना पडून असेल, तर आजच उत्तर द्या. जायचंच नसेल तर तसं स्पष्ट लिहा. नंतर जायचं असेल तर महिना लिहा, नोटीस लिहा, आणि त्या महिन्यात पहिला निरोप तुमचा जाऊ द्या.