बाबा वाटत नाहीत

वडिलांच्या साठीला भेट म्हणून मुलगी एका चित्रकाराकडून त्यांचं पोर्ट्रेट करून घेते आहे, असं धरू. हुबेहूब फोटोसारखं चित्र तिला नकोय. सपाट रंग, जाड बाह्यरेषा, मोजके तपशील अशी शैली तिनं चित्रकाराची आधीची कामं पाहून निवडली आहे. चित्रकार फोनवरचे चार फोटो मागवून घेतो, कच्चं रेखाटन पाठवतो आणि उत्तर येतं, "छान झालंय, पण बाबा वाटत नाहीत. जरा कडक वाटतात." अशा उत्तरावर चित्रकार बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर 'म्हणजे नक्की काय बदलू?' असं विचारतात, किंवा अंदाजानं ओठांची टोकं वर वळवून दुसरा ड्राफ्ट पाठवतात. पहिल्या वाटेनं गेलं की मुलगी काहीतरी सुचवायचं म्हणून सुचवते, 'नाक थोडं लहान करून बघा'. दुसऱ्या वाटेनं गेलं की बाबा हसरे होतात, पण परके ते परकेच राहतात. माझं म्हणणं असं, की मुलीची तक्रार शंभर टक्के खरी मानावी आणि तिनं सुचवलेल्या उपायावर मात्र विश्वास ठेवू नये. चेहरा चुकलाय हे तिला अचूक कळतं. कुठे चुकलाय हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे तिला वर्णन करायला न लावता निवड करायला लावली, तर संदिग्ध शेऱ्यातून नेमकी दुरुस्ती हाती येते.

याला आधार आहे. जोनाथन स्कूलर आणि तोन्या एंग्स्टलर-स्कूलर या मानसशास्त्रज्ञांनी 1990मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना बँक लुटीची एक चित्रफीत दाखवली. त्यातल्या काहींना लुटारूच्या चेहऱ्याचं सविस्तर वर्णन लिहायला सांगितलं, बाकीच्यांना भलत्याच कामात गुंतवलं. नंतर सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांतून लुटारू ओळखायची वेळ आली, तेव्हा वर्णन लिहिणारेच कमी पडले. 2014मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून हा प्रयोग पुन्हा करून पाहिला. परिणाम टिकला, पण वर्णन कधी लिहून घेतलं यावर त्याची तीव्रता बदलते, असं दिसलं. यावर कुणी म्हणेल, की तो लुटारू एकदाच पाहिलेला, आणि हे तर जन्मापासून पाहिलेले वडील. फरक आहेच. पण ओळख जितकी जुनी, तितकं वर्णन सोपं होतं असंही नाही. वडिलांची कुठली भुवई वर आहे, कानाची पाळी सुटी आहे की गालाला चिकटलेली, हे फोटो न पाहता सांगू शकणारी मुलं फार थोडी सापडतील. गर्दीत मात्र तीच मुलं वडिलांना लांबून क्षणात ओळखतात. ओळखीच्या या ज्ञानाला तोंडानं उत्तर देता येत नाही, बोट मात्र दाखवता येतं.

म्हणून रेखाटनाकडे वळण्याआधी पहिला प्रश्न फोटोंविषयी विचारावा: या चारांतल्या कुठल्या फोटोत बाबा सगळ्यांत जास्त बाबा वाटतात, आणि कुठल्यात अजिबात नाहीत? आपल्या उदाहरणात मुलगी एका लग्नातला, जरा लांबून काढलेला फोटो निवडते आणि बाबांनी स्वतः काढलेला सेल्फी बाद करते. चित्रकारानं मात्र रेखाटन त्या सेल्फीवरूनच केलेलं असतं, कारण तो सर्वांत स्पष्ट आणि चेहरा मोठा दाखवणारा होता. निम्मा घोळ इथेच आहे. साधारण तीस सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतो, असं 2018मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी गणितानं दाखवलं. नाक कॅमेऱ्याला सर्वांत जवळ म्हणून फुगतं, कान लांब म्हणून आकसतात आणि चेहरा अरुंद होतो. शैलीदार चित्रात तर जे ठळक असतं ते आणखी ठळक करायचं असतं. म्हणजे चित्रकारानं लेन्सची चूक बाबांचं वैशिष्ट्य समजून वाढवून ठेवली. 'नाक लहान करा' ही सूचना त्या अर्थानं अगदीच चुकीची नव्हती, पण तेवढीच मानली असती तर कान आणि गाल तसेच राहिले असते. मूळ फोटो बदलून चेहऱ्याची बाह्यरेषा नव्यानं काढणं, ही इथली खरी दुरुस्ती.

तरीही 'कडक' हा शेरा उरतोच. कडकपणा म्हटला की सगळ्यांची नजर ओठांवर जाते. पण चेहरा आपण तुकड्यातुकड्यांनी पाहत नाही. 1987मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका प्रसिद्ध व्यक्तीच्या चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला जोडून दाखवला, तर लोकांना तिसराच माणूस दिसू लागला आणि वरचा अर्धा कुणाचा हे सांगायला वेळ लागू लागला. दोन तुकडे आडवे सरकवून वेगळे केले की ओळख पुन्हा सोपी झाली. चित्रकाराच्या कामाचं यात बरंच काही आहे. डोळ्यांतली चूक ओठांत दिसू शकते, आणि ओठांतली डोळ्यांत. म्हणून मुलीला सांगावं, की फोनवर रेखाटन उघड, नाकाखालचा भाग तळहातानं झाक आणि वरचा बघ. मग उलट कर. कुठला अर्धा जास्त बाबांचा वाटतो तेवढंच सांग. नाक, डोळे, ओठ यांची नावं प्रश्नात घेऊ नयेत, कारण नाव घेतलेल्या अवयवात माणूस दोष शोधतोच. समजा उत्तर आलं, की खालचा भाग बराच बरोबर आहे, वरचा कुणा दुसऱ्याचा वाटतो. आता चित्रकाराला शोधायची जागा निम्मी झाली आणि ओठांना हात लावायची गरज उरली नाही.

वरच्या भागात काय चुकू शकतं, हे ओळखणं मात्र चित्रकाराचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नव्हे. बाबांना उणे नंबरचा जाड चष्मा आहे. अशा काचेतून डोळे लहान दिसतात आणि चेहऱ्याची कडा काचेच्या आत थोडी आत सरकलेली दिसते. शैलीच्या सवयीनं चित्रकारानं डोळे मोठे काढले, काचेतली कडा सरळ ओढली आणि चष्मा नुसती चौकट होऊन बसला. ज्या माणसाला घरच्यांनी कायम त्या काचेमागेच पाहिलं आहे, त्याचे उघडे मोठे डोळे रोखून बघणारे वाटणारच. दुसरी शंका भुवयांवर. ओळखीच्या चेहऱ्यांच्या फोटोंतून भुवया पुसल्या, तर डोळे पुसल्यापेक्षाही ओळखणं अवघड जातं, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात 2003मध्ये दिसलं होतं. रेखाटनात भुवयांची आतली टोकं खाली उतरली असतील, तर एवढ्यानंही चेहरा रागीट होतो. तिसरी गोष्ट रेषेची. जाड बाह्यरेषेच्या शैलीत कपाळावरची आठी हनुवटीच्या कडेइतक्याच जाडीची आणि काळीच काढली, तर फोटोत जेमतेम जाणवणारी सुरकुती कायमची आठी होते. तीच रेषा निम्म्या जाडीची, मध्ये तुटलेली आणि कातडीच्याच रंगाच्या गडद छटेत काढली, की वय राहतं आणि राग जातो.

या तिन्ही शंका एकदम दुरुस्त करून पाठवल्या तर पुन्हा काहीच कळणार नाही. चित्र सुधारलं तरी कशामुळे ते समजणार नाही, आणि बिघडलं तर मागे कुठवर जायचं तेही नाही. म्हणून शेजारी शेजारी दोनच आवृत्त्या पाठवाव्यात आणि त्यांत एकाच गोष्टीचा फरक असावा: दोन्हींत बाह्यरेषा नवी, पण अ मध्ये डोळे जुने, ब मध्ये काचेमागे लहान झालेले. 'कुठली चांगली' असं विचारलं तर मुलगी सुंदर दिसणारी निवडेल. 'कुठल्यात बाबा दिसतात' असं विचारावं. तिनं ब निवडलं, की भुवयांची जोडी पाठवावी. डिजिटल चित्रात वेगवेगळ्या लेयरवर काम केलेलं असेल तर हे काही मिनिटांचं काम आहे. कागदावर ट्रेसिंग पेपरनं भागतं. शेवटी ठरलेलं लिहून कळवावं, साध्या वाक्यांत: "बाह्यरेषा लग्नातल्या फोटोवरून, डोळे लहान आणि काचेतली कडा आत, भुवयांची आतली टोकं दोन मिलिमीटर वर, कपाळावरची रेषा फिकी. ओठ, केस आणि रंग आहेत तसेच." काय बदलणार नाही हेही लिहिलेलं असलं, की रंग भरून झाल्यावर केसांवरून नवी चर्चा सुरू होत नाही.

यावर चित्रकारांकडून येणारा आक्षेप गंभीर आहे. गिऱ्हाइकाला दर पावलावर विचारत बसलं, तर चित्र त्याच्या आवडीचं होईल, खरं होणार नाही. ग्रॅहम सदरलंडचं विन्स्टन चर्चिलचं पोर्ट्रेट याचा दाखला म्हणून पुढे करता येईल. ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांनी चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी ते करून घेतलं आणि 30 नोव्हेंबर 1954 रोजी त्याला समारंभात दिलं. चर्चिलला ते मुळीच आवडलं नाही आणि पुढे त्याच्या घरच्यांकडूनच ते नष्ट झालं. पण त्यात साम्य नव्हतं, ही मुख्य तक्रार नव्हतीच. थकलेला म्हातारा ओळखू येत होता, म्हणूनच तो नकोसा झाला. अशा तक्रारीवर हाताने चेहरा झाकायची युक्ती चालत नाही, हे मान्य करायला हवं. पण फोटोंविषयीचा पहिला प्रश्न तक्रार कुठल्या जातीची आहे ते तरी दाखवतो. मुलीनं सगळेच फोटो बाद केले आणि तीस वर्षांपूर्वीचा एक पुढे केला, तर भांडण रेखाटनाशी नसून वयाशी आहे. मग चित्रकारानं रेषा हलवत बसू नये. 'साठीचे बाबा काढायचे की तिशीचे?' असं सरळ विचारावं.

शैलीवरच्या तक्रारीचंही असंच वेगळेपण ओळखता येतं. 'कार्टूनसारखं वाटतं' हा शेरा आला, तर त्याच शैलीतलं, मुलीला ओळखीच्या अशा एखाद्या नटाचं किंवा खेळाडूचं चित्र दाखवावं. ते तिला आवडलं, तर शैली निर्दोष आहे आणि प्रश्न पुन्हा साम्याचा आहे. तेही नको वाटलं, तर काम सुरू होण्याआधीच नमुना नीट ठरला नव्हता, आणि मग दुरुस्त्यांपेक्षा नव्यानं बोलणं स्वस्त पडतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्राफ्ट फिरला, की काका म्हणतात थकलेले वाटतात, आत्या म्हणते रागावलेत, भाऊ म्हणतो म्हातारे केलेत. तीन सूचना म्हणून घेतल्या तर त्या एकमेकींशी भांडतात. कपाळावरच्या त्या एका काळ्या रेषेवर मात्र तिघंही एकाच वेळी बरोबर असू शकतात. निर्णय मात्र एकाच माणसाचा असावा, आणि तो कोण हे आगाऊ रक्कम घेतानाच ठरवावं.

राहिला वेळेचा प्रश्न. दुरुस्त्यांच्या दोनच फेऱ्या ठरलेल्या असताना हे सगळं परवडतं का? कच्च्या रेखाटनावर परवडतं, रंग भरल्यावर नाही. म्हणून ड्राफ्ट मुद्दाम अपुरा, रंगाशिवाय पाठवावा. आणि चित्र करून घेणाऱ्यांनो, तुम्ही निदान एवढं करा: सेल्फी पाठवू नका. चष्मा घालूनच, निदान दीड मीटरवरून, खिडकीच्या उजेडात, कुणाशी तरी बोलत असताना बाबांचे पाचसहा फोटो काढा, आणि त्यातला कुठला फोटो 'बाबा' आहे ते पहिल्याच निरोपात लिहा.