न मिटणारी पापणी

चेहरा एका बाजूने लुळा पडलेला माणूस समोर आला की पाहणाऱ्याची नजर त्याच्या ओठांवर जाते. ओठाचा कोपरा ओघळलेला असतो, हसू एकाच गालावर उमटते, प, ब, म ही अक्षरे बोलताना निसटतात. 2025 च्या फेब्रुवारीत राज्याचे तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांनी आपल्याला ‘बेल्स पाल्सी’ झाल्याचे स्वतः जाहीर केले, तेव्हाही चर्चा झाली ती त्यांना सलग दोन मिनिटे नीट बोलता येत नाही याचीच. साताऱ्यात वैद्यकी करताना मी पाहत आलो आहे की रुग्णही आरशात प्रथम तोंडच पाहतो. वास्तविक ओठांची हानी बहुधा भरून येते. कायमचे नुकसान होऊ शकते ते त्या ओठांपासून चार बोटांवर, न मिटणाऱ्या डोळ्यात.

माझ्या थोरल्या बहिणीच्या आजारात हे मी घरात राहून पाहिले. आक्का तासगावजवळ द्राक्षबागायतदाराच्या घरी दिलेली, पन्नाशी ओलांडलेली, मधुमेहाची गोळी नियमित घेणारी. बेदाण्याचा हंगाम भरात होता. शनिवारी रात्री तिचा डावा कान मागच्या बाजूने ठणकत होता; शेडवर वारा लागला असेल म्हणून तिने कानाला फडके बांधले. रविवारी सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या ओठातून गळून पदरावर सांडले, आणि तोंड धुताना साबण थेट डोळ्यात गेला, कारण डोळा मिटलाच नव्हता. शेजारणींनी निदान सांगून टाकले : तोंडावरून वारं गेलं.

दाजींचा फोन आला तेव्हा मी प्रथम हातपायांची चौकशी केली. बोलणे बोबडे असले तरी तिला शब्द सुचत आणि समजत होते, दोन्ही हात सारखे वर जात होते, चालणे ठीक होते. मग म्हटले, “दाजी, आक्काला भुवया वर करून कपाळाला आठ्या घालायला सांगा.” क्षणभराने उत्तर आले, “उजवीकडं पडत्यात. डावीकडं कपाळ कोरं हाय.”

त्या कोऱ्या कपाळाला मोठा अर्थ आहे. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात, गालाच्या खालच्या भागाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूच्या अर्धाकडून. त्यामुळे पक्षाघातात मेंदूची एक बाजू बाधित झाली तर ओठ ओघळतो, पण कपाळाला आठ्या पडतात आणि डोळाही बहुधा मिटतो. कपाळ, डोळा आणि ओठ तिन्ही एकदम निकामी झाले तर दोष मेंदूच्या आज्ञेत नसून ती वाहून नेणाऱ्या नसेत आहे, असे समजायला आधार मिळतो. हा आधार फोनवर पुरेसा नसतो. म्हणून मी त्यांना त्याच दिवशी मिरजेला मोठ्या दवाखान्यात निघायला सांगितले आणि स्वतः साताऱ्याहून निघालो.

चेहऱ्याची ही नस, डोक्यातल्या नसांपैकी सातवी, मेंदूच्या देठातून निघून कानाच्या हाडात शिरते आणि सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या अरुंद हाडी नलिकेतून वळणे घेत कानामागे बाहेर पडते. हाडातून इतका लांब प्रवास दुसऱ्या कोणत्याही नसेला करावा लागत नाही. नलिकेचे तोंड सर्वांत अरुंद, एक मिलिमीटरहूनही कमी व्यासाचे. नसेला दाह झाला, आणि बहुधा तो शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहिलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूने होतो असे मानले जाते, की ती सुजते. बोट सुजले की अंगठी रुतते, तशी ही नस हाडात रुतते. प्रथम तिच्यातून रक्त परत नेणाऱ्या सूक्ष्म शिरा दबतात, रक्त तुंबून सूज आणखी वाढते, मग रक्त आणणाऱ्या वाहिन्या दबतात. अंगठी कापता येते. हे हाड सहजी कापता येत नाही.

नस नलिकेत कुठे रुतली आहे, याची खूण रुग्णाच्या तक्रारींतून मिळते. आक्का म्हणाली होती की कुकरची शिट्टी डाव्या कानात घुसल्यासारखी वाटते आणि चहाला चव नाही. मोठा आवाज आवरून धरणाऱ्या कानातल्या इवल्या स्नायूची शाखा आणि जिभेच्या पुढच्या भागाची चव आणणारी शाखा, दोन्ही या नसेला हाडाच्या आतच जोडलेल्या असतात. त्यांचेही काम बिघडले, याचा अर्थ दाब त्यांच्या वरच्या बाजूला, नलिकेच्या सुरुवातीकडे होता. मिरजेच्या डॉक्टरांनी कानात पुरळ आहे का तेही पाहिले, कारण पाण्याचे फोड असते तर आजार अधिक जहाल जातीचा ठरला असता. फोड नव्हते.

घरात दुसरा विचार चालू होता. लकव्यावर झाडपाल्याचे औषध देणारे एक गाव सर्वांना ठाऊक होते आणि ते औषध गुरुवारीच मिळत असे. अशा औषधांना हसणे मला पटत नाही; त्यांची कीर्ती उगाच झालेली नाही. कोपनहेगनमध्ये डॉ. पीटरसन यांनी औषध न दिलेल्या सतराशेहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा केला, त्यांतले सुमारे 71 टक्के आपोआप पूर्ण बरे झाले. ज्या आजारात दहातले सात जण आपसूक सुधारतात, त्यात कोणतेही औषध गुणकारी ठरते. प्रश्न उरलेल्या तिघांचा आहे, आणि ते तिघे कोण हे पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील अभ्यासात पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन सुरू करून दहा दिवस दिले, तेव्हा नऊ महिन्यांनी शंभरातले सुमारे 94 जण पूर्ण बरे झाले. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण 82 च्या आसपास राहिले. रविवारी सकाळी सुरू झालेल्या आजाराचे 72 तास बुधवारी सकाळी संपतात. गुरुवारपर्यंत थांबणे म्हणजे सूज उतरवण्याची संधी हातची घालवणे होते.

आक्काला प्रेडनिसोलोन रविवारीच सुरू झाले. त्याने साखर चढते, म्हणून तेवढ्या दिवसांपुरते इन्सुलिन द्यावे लागले आणि रोज साखर तपासावी लागली. मधुमेह असलेल्याने हे औषध स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे, आणि मधुमेहाच्या भीतीने ते टाळणेही तितकेच चुकीचे.

इथवर वैद्याचे काम होते. डोळ्याचे काम घरच्यांकडे आले.

पापणी उघडण्याचा आणि मिटण्याचा कारभार दोन निराळ्या नसांकडे असतो. वरची पापणी उचलणारी तिसरी नस निरोगी होती; मिटवणारी सातवी थंड पडली होती. विरोधच न उरल्याने डोळा उघडाच राहिला, अगदी झोपेतही. खालची पापणी सैल पडल्याने अश्रू डोळ्यावर न पसरता गालावर ओघळत होते. त्यामुळे डोळा कोरडा पडतो आहे हे आक्काला पटेना. “पानी वाहतंय की रं, कोरडा कसला म्हनतोस?” पण मिनिटाला पंधराएक वेळा मिटून बुबुळावर ओल पसरवणारी पापणीच थांबली होती. डोळे मिटायला सांगितले की डावे बुबुळ वर सरके आणि फटीतून पांढरेच दिसे. या नसेचा सखोल अभ्यास करणारे सर चार्ल्स बेल यांच्या नावाने ही हालचाल ओळखली जाते. निसर्गाने ठेवलेला तो अखेरचा आडोसा आहे, पण तो सर्वांना सारखा लाभत नाही आणि गाढ झोपेत त्याचा भरवसा धरता येत नाही. मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांनी पिवळ्या रंगाची पट्टी पापणीला टेकवून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा बुबुळाच्या खालच्या भागावर बारीक हिरवे ठिपके दिसले. त्या जागी वरचा थर खरवडला गेला होता.

उपाय साधा होता. दिवसा तासा-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना कडेने बंद असलेला चष्मा आणि बेदाण्याच्या शेडवर मुळीच जायचे नाही, कारण तिथली धूळ आणि गंधकाची धुरी निरोगी डोळ्यालाही झोंबते. रात्री मलम घालून पापणी बोटाने अलगद खाली ओढायची, पूर्ण मिटली याची खात्री करायची आणि मगच कागदी चिकटपट्टी लावायची. उघड्या डोळ्यावर नुसती कापसाची पट्टी बांधणे हा घरोघरी होणारा प्रमाद आहे. पट्टीखाली डोळा उघडाच राहतो आणि कापूस रात्रभर बुबुळावर घासतो. दाजींनी हे काम स्वतःकडे घेतले. दिवसभर बागेत राबलेला माणूस रात्री हात स्वच्छ धुऊन, दिव्याखाली वाकून, बायकोची पापणी मिटवून देत असे. काही दिवसांनी ते हिरवे ठिपके नाहीसे झाले.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मी तिथल्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयात असे न मिटणारे डोळे पाहिले होते. तिथे नस हाडात रुतलेली नसे. गालाच्या हाडावरून कातडीलगत जाणारी तिची शाखा रोगाने हळूहळू निकामी केलेली असे. त्यांतल्या काहींच्या बुबुळाची संवेदनाही गेलेली असे. कचरा गेला तरी टोचत नसे, म्हणून डोळा चोळावा, धुवावा, दवाखाना गाठावा असे त्यांना वाटतच नसे. दृष्टी गेल्यावर कळे. आक्काचा डोळा खुपत होता, लाल होत होता, ती कुरकुरत होती. वेदना हा उपद्रव न मानता सूचना मानायला मी त्या रुग्णालयात शिकलो.

नसेचे तंतू नुसते दबले असतील तर ती काही आठवड्यांत जागी होते. तंतूच मेले असतील तर नवे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने वाढत येतात, आणि त्यांना वैद्य घाई करू शकत नाही. या काळात रुग्ण विजेचे शॉक, जोरदार मालीश, दवाखान्यांमागून दवाखाने यांच्या मागे लागतो. मला ही अधीरता समजते, कारण रोज आरशात अर्धा अनोळखी चेहरा पाहणे सोपे नसते. पण पहिल्या तीन दिवसांत जी घाई कर्तव्य असते, ती पुढच्या तीन महिन्यांत निरुपयोगी ठरते. त्या महिन्यांत नसेसाठी करण्यासारखे फार थोडे असते, डोळ्यासाठी मात्र रोज करावे लागते.

आक्काच्या कपाळावर पुसट आठी दिसली ती महिन्याभराने. पापणी पूर्ण मिटायला त्याहून अधिक काळ लागला. परत वाढताना काही तंतू वाट चुकले असावेत : आजही भाकरीचा घास चावताना तिचा डावा डोळा किंचित बारीक होतो. तिला त्याचे काही वाटत नाही; दृष्टी दोन्ही डोळ्यांना सारखी आहे.

वाचकांपैकी कुणाच्या घरी हा आजार असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोळा दुखू लागला, लाल झाला, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आणि तीन-चार महिने उलटूनही चेहऱ्याची किंचितही हालचाल परतली नाही, किंवा लुळेपणा आठवड्यागणिक हळूहळू वाढतच गेला, तर तो बेल्स पाल्सी नसण्याचा संभव मोठा; अशा वेळी नसेवर गाठ तर नाही ना, हे स्कॅन करून पाहून घ्यावे.