चित्र कुठे थांबवायचं?

जलरंगात निसर्गचित्रं काढणाऱ्यांना एक खोड असते: चित्र झालेलं असतं, तरी हात थांबत नाही. आकाश अर्धवट ओलं असताना आणखी एकदा ब्रश फिरवला की फुलकोबीसारखे डाग उमटतात, नाहीतर खालचा थर उचलला जाऊन सगळं गढूळ होतं. तैलरंग खरवडता तरी येतो. इथे कागदाचा पांढरेपणा गेला की गेला.

म्हणून रंग कालवण्याआधीच कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहावं, चित्र झालं असं कधी म्हणायचं. समजा, नदीघाटावरचं देऊळ आहे. कळसावरचं ऊन, सर्वांत गडद जागा आणि पायऱ्यांवरची एकसंध सावली, एवढं आलं की झालं. प्रत्येक दगड रंगवायचा नाही. मग ४० मिनिटांचा गजर लावायचा. तेवढ्या वेळात सकाळच्या सावल्या तशाही सरकतात; रेंगाळलात तर दोन वेळांचं ऊन एकाच चित्रात येतं.

गजर झाला की ब्रश धुवायचा. जलरंग वाळल्यावर फिके होतात, त्यामुळे ओल्या चित्राबद्दल दिलेला निकाल बहुधा चुकतो. वाळल्यावर मागचं वाचा आणि त्यातलं राहिलं असेल तेवढंच भरा. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या व्यक्तिचित्राला मात्र ४० मिनिटं पुरणार नाहीत. तिथे वेळ वाढवा, यादी वाढवू नका.