कोणी सांगितलं की काय सांगितलं?



मागच्या महिन्यात आईने एक मेसेज फॉरवर्ड केला: "शुगरची गोळी बंद करा, रोज कारल्याचा रस घ्या. नैसर्गिक आहे, अपाय नाही." मी लगेच लिहिलं, "व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीही खरं मानू नकोस गं." तिचा रिप्लाय आला, "मग कारल्याने शुगर उतरते हे खोटं का?"

मला उत्तर देता येईना. मी दावा तपासलाच नव्हता, तो कुठून आला एवढंच बघून मोडीत काढला होता. आईचंही तेच झालं होतं, फक्त उलट बाजूने: निसर्गातून आलं म्हणजे चांगलंच. पण कण्हेरही निसर्गातलीच. तिची फुलं आपण देवाला वाहतो, पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. गंमत म्हणजे आईच्या गोळीतलं मेटफॉर्मिनसुद्धा मूळचं वनस्पतीच्या घराण्यातलं. गॅलेगा नावाच्या झाडातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण ते विषारी ठरलं. त्याच्याच जातकुळीचं, पण शरीराला सोसेल असं संयुग प्रयोगशाळेत तयार झालं, ते हे.

मग उगम बघूच नये का? न्यायदर्शनात शब्द, म्हणजे आप्ताचं वचन, हे प्रमाण मानलंय. आप्त कोण? न्यायभाष्यात वात्स्यायन म्हणतात, ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशीच सांगू इच्छितो तो. पुढे ते स्पष्ट करतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे कूळ बघायचं नाही. बघायचं ते ज्ञान आणि हेतू.

आता मेसेजकडे परत येऊ. त्यात दोन दावे आहेत. कारल्याने साखर उतरते का, हे प्रयोगाने तपासता येतं, तिथे सांगणारा कोण याने फरक पडत नाही. पण "गोळी बंद करा" हे घरी करून बघणं धोक्याचं. तिथे आपण फक्त सांगणाऱ्याच्या शब्दावर उभे असतो, म्हणून तिथे उगम विचारायलाच हवा. मेसेजखाली नाव नव्हतं, रसाच्या बाटलीची लिंक मात्र होती. विकणारा बोलला म्हणून दावा खोटा ठरत नाही. पण त्याचा शब्द हाच एकमेव आधार होता, तो गेला. दावा "खोटा" नाही झाला, "निराधार" झाला. हा फरक मी आधी केला नव्हता.

आईला मी सॉरी म्हटलं आणि आम्ही तिचे रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी चालू ठेवा, कारल्याची भाजी खुशाल खा, पण गोळीसोबत रोज रस घेतलात तर साखर फार खाली जाऊ शकते, तेव्हा मोजत राहा.

आज जेवणात कारलंच आहे.