बाहेरचा सदस्य किती बाहेरचा?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीत एक सदस्य आस्थापनेबाहेरचा असावा, हा दंडक १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रथम आला. वरिष्ठांकडून समितीवर दबाव येण्याची शक्यता टळावी म्हणून त्रयस्थ व्यक्ती घ्यावी, असे कारणही न्यायालयाने त्याच ठिकाणी नोंदवले होते. २०१३ च्या अधिनियमाने, म्हणजे बोलीभाषेत ज्याला ‘पॉश कायदा’ म्हटले जाते त्याने, हा दंडक कलम ४ मध्ये आणला. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे समिती हवी, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला हवी, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य हवेत आणि त्यांच्या जोडीला महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेतील अथवा लैंगिक छळाच्या विषयाची जाण असलेली एक व्यक्ती हवी. या शेवटच्या व्यक्तीलाच व्यवहारात ‘बाह्य सदस्य’ म्हणतात.

या रचनेत एक अंतर्विरोध आहे. ज्या मालकाच्या दबावापासून समितीला वाचवण्यासाठी बाह्य सदस्य नेमायचा, तोच मालक त्याची निवड करतो, तोच त्याला मानधन देतो आणि तीन वर्षांची कमाल मुदत संपल्यावर त्याला पुन्हा नेमायचे की नाही हेही तोच ठरवतो. त्यामुळे बाह्य सदस्य कागदावर बाहेरचा असला तरी प्रत्यक्षात किती बाहेरचा आहे, हा प्रश्न प्रत्येक आस्थापनेत नव्याने विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर त्या व्यक्तीच्या सचोटीवर सोडून देता येत नाही. सचोट माणसालाही कोणते हितसंबंध जखडू शकतात, हे आधी ओळखून त्यांची तजवीज करणे ही संस्थेची जबाबदारी ठरते.

हे हितसंबंध कसे असतात, ते पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. बँकेच्या इंदूर शाखेतील एका महिला मुख्य व्यवस्थापकाने शाखेतील काही खात्यांच्या व्यवहारांतील अनियमितता वरिष्ठांना कळवल्या होत्या आणि विभागीय व्यवस्थापकाविरुद्ध छळाची तक्रारही केली होती; त्यानंतर २०१७ च्या अखेरीस त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातील सरसावा शाखेत झाली. बँकेने नेमलेल्या समितीत स्वतंत्र सदस्य म्हणून ज्या वकील महिला होत्या, त्या बँकेच्याच वकील-पॅनेलवर होत्या, म्हणजे बँकेची कामे करून बँकेकडून शुल्क घेणाऱ्यांपैकी एक होत्या. २५ फेब्रुवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समितीच्या या रचनेतच मूलभूत दोष असल्याचे म्हटले. बाह्य सदस्य हा समितीला साहाय्य आणि सल्ला देणारा स्वतंत्र माणूस असतो आणि त्याच्या उपस्थितीने संस्थेचा पक्षपात टळावा हा तरतुदीचा हेतू आहे, असेही न्यायालयाने सांगितले. बदली रद्द झाली, त्या अधिकाऱ्यास एक वर्षासाठी इंदूरलाच नेमण्याचा आदेश झाला आणि बँकेला ५० हजार रुपयांचा खर्च द्यावा लागला. त्या वकिलांनी प्रत्यक्षात पक्षपात केला होता का, हे सिद्ध होण्याची गरज पडली नाही. त्या ज्या जागी बसल्या होत्या, ती जागाच स्वतंत्र राहिलेली नव्हती, एवढे पुरेसे ठरले.

याच निकषावर पैशाचा प्रश्न पाहता येतो. २०१३ च्या नियमांप्रमाणे बाह्य सदस्याला कामकाजाच्या दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च द्यावा, अशी तरतूद आहे. शहरांतील खासगी कंपन्या याहून बरेच अधिक मानधन देतात आणि तसे देणे अनैतिक नाही, कारण जबाबदारीच्या चौकशीसाठी लागणारे कित्येक दिवस कोणीही फुकट देऊ नयेत. अडचण रकमेची नसून त्या रकमेला कोणत्या अटी जोडलेल्या आहेत याची असते. तीच व्यक्ती त्या कंपनीत दरवर्षी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण घेते, धोरणाचा मसुदा लिहून देते, समूहातील आणखी चार कंपन्यांच्या समित्यांवर बसते, आणि या सगळ्यांची देयके मनुष्यबळ विभागाच्या एकाच प्रमुखाकडून मंजूर होतात, तेव्हा एका गैरसोयीच्या निष्कर्षाची किंमत तिच्या दृष्टीने एका बैठकीच्या मानधनाइतकी उरत नाही. त्यामुळे मानधन हे बैठकीप्रमाणे आणि निष्कर्ष काहीही लागो, ठरल्या दरानेच दिले जाईल, असे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेले असावे. अन्य कामांचे करार वेगळे ठेवावेत. आणि कंपनीशी असलेले सर्व आर्थिक संबंध बाह्य सदस्याने चौकशीच्या आरंभी दोन्ही पक्षांसमोर लेखी सांगावेत. अशी कबुली दिल्याने हितसंबंध नाहीसा होत नाही, पण त्यावर आक्षेप घेण्याची संधी तक्रारदाराला आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही मिळते.

दुसरी फट गणपूर्तीची आहे. नियम ७ नुसार चौकशी चालवताना अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. चार जणांच्या समितीत अध्यक्ष आणि दोन कर्मचारी सदस्य मिळून ही संख्या पूर्ण होते. म्हणजे बाह्य सदस्य एकदाही न येता कागदोपत्री कामकाज नियमात बसते. कायद्याच्या हेतूशी हे उघडपणे विसंगत आहे, म्हणून तक्रारदार, आरोपी किंवा साक्षीदार यांचा जबाब बाह्य सदस्याच्या गैरहजेरीत घेतला जाणार नाही, अशी तरतूद आस्थापनेच्या धोरणात आवर्जून असावी.

स्वातंत्र्य आणि हजेरी या दोन्ही गोष्टी प्रत्यक्ष कामात कशा उतरतात, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात खरेदी विभागातील महिलेने प्रकल्पप्रमुखाविरुद्ध लेखी तक्रार दिली, असे समजा. समितीला सात कामकाजी दिवसांत तक्रारीची प्रत प्रतिवादीकडे पाठवायची आहे आणि त्याला उत्तरासाठी दहा कामकाजी दिवस आहेत. पहिल्याच बैठकीत बाह्य सदस्याने विचारायचा प्रश्न असा असतो, की समितीतील कोणाचे वार्षिक मूल्यमापन प्रतिवादीच्या सहीने होते का. अध्यक्षांचेच होत असेल, तर त्यांनी या चौकशीतून बाजूला व्हावे असा आग्रह त्याने धरावा, कारण स्वतःच्या बढतीचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्याविरुद्ध निष्कर्ष लिहिण्याची अपेक्षा कोणाकडूनही करू नये. कारखान्यात दुसरी वरिष्ठ महिला नसेल, तर त्याच मालकाच्या अन्य कार्यालयातून अध्यक्ष आणण्याची वाट कायद्यानेच दिलेली आहे.

दुसरा आग्रह पुराव्याचा असावा. सीसीटीव्हीचे चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते, म्हणून ते तसेच संदेश, उपस्थितीपट आणि गेटवरील नोंदी जपून ठेवण्याचा लेखी आदेश समितीने पहिल्याच दिवशी द्यायचा असतो. साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे हजर करायला लावणे या बाबतीत समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, हे कर्मचारी सदस्यांना बहुधा ठाऊक नसते, आणि पक्षकारांना वकील आणण्याची मुभा नसल्यामुळे त्या दालनात कायद्याची ही कलमे सांगू शकणारा माणूस अनेकदा बाह्य सदस्य हाच असतो.

खरी कसोटी शेवटी लागते. ९० दिवसांची मुदत जवळ आली, की मनुष्यबळ विभागाकडून अहवालाचा तयार मसुदा ईमेलने येतो. त्यात ‘आरोप सिद्ध होत नाही, तथापि उभयतांना समज द्यावी’ असे एक गुळमुळीत वाक्य असते आणि बाह्य सदस्याची सही तेवढी बाकी असते. मसुदा समितीबाहेर लिहिला गेला, ही या प्रसंगातील पहिली खूण. कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि कोणत्या साक्षीवर का ठेवला नाही याची कारणे त्यात नाहीत, ही दुसरी. बाह्य सदस्याचे मत चारांतील एकच असल्याने त्याला निर्णय फिरवता येईलच असे नाही. मात्र त्याला सही नाकारता येते, किंवा सही करून आपले भिन्न मत कारणांसह जोडता येते. कायद्यात अशा टिपणीचा स्पष्ट उल्लेख नाही, पण मनाईही नाही. कलम १३ प्रमाणे अहवाल मालकाबरोबरच दोन्ही पक्षांनाही मिळायचा असल्याने ती टिपणी दडपून टाकता येत नाही आणि पुढे अपील झाले तर ती अपील प्राधिकरणाच्या हाती पडते. एकट्या मताला बळ मिळते ते अशा लेखी कारणांमुळे.

सही नाकारल्यावर मालक सदस्यालाच काढून टाकेल काय? कलम ४ च्या पाचव्या पोटकलमात सदस्याला दूर करण्याची कारणे मोजकीच दिली आहेत: गोपनीयतेचा भंग, गुन्ह्यात दोषी ठरणे किंवा त्याची चौकशी प्रलंबित असणे, शिस्तभंगाच्या कारवाईत दोषी ठरणे किंवा तशी कारवाई प्रलंबित असणे, आणि पदाचा असा गैरवापर की पदावर राहणे लोकहिताला बाधक ठरावे. नकोसा निष्कर्ष हे त्या यादीतील कारण नाही. मात्र ‘करार नूतनीकरण झाले नाही’ या सबबीला ही यादी रोखू शकत नाही. म्हणून नेमणूक वर्षावर्षाची न करता पूर्ण तीन वर्षांची करावी आणि चालू असलेल्या चौकशीत मुदत संपली तरी ती चौकशी त्याच सदस्याने पूर्ण करावी, ही अट आरंभीच मान्य करून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्वतंत्र असणे म्हणजे तक्रारदाराच्या बाजूने असणे नव्हे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाविरुद्धच्या प्रकरणात समितीने घाईने चौकशी उरकली आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. अशा घाईची किंमत आरोपी आणि तक्रारदार दोघेही मोजतात, कारण तक्रारदाराला वर्षांनंतर तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते. लोकभावना एका बाजूला वाहत असताना प्रतिवादीला कागदपत्रे मिळाली का आणि उत्तराला वेळ मिळाला का, हे विचारणारा सदस्यही तितकाच बाहेरचा असावा लागतो.

समिती स्थापन केल्याचा आदेश कामाच्या ठिकाणी ठळक जागी लावणे मालकाला कलम १९ ने बंधनकारक केले आहे. त्या फलकावरचे बाह्य सदस्याचे नाव प्रत्येक कर्मचाऱ्याने एकदा वाचावे आणि तीन प्रश्न विचारावेत: ही व्यक्ती आस्थापनेकडून आणखी कोणते काम घेते, तिची नेमणूक किती मुदतीची आहे, आणि मागच्या चौकशीत ती प्रत्यक्ष हजर होती का. हे प्रश्न तक्रार येण्याआधीच विचारले पाहिजेत. तक्रार आल्यावर विचारले तर ते आरोप वाटतात.