आभाराची चार मिनिटे

केळापूर,
शनिवार

चि. छोटीस,


गुलाबी बोंडअळीच्या चर्चासत्रात आभारप्रदर्शन तुझ्याकडे आलं आहे आणि तुला नमुना हवा आहे, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. नमुना देतो, पण अर्धाच. उरलेला अर्धा तुला त्या दिवशी सभागृहात बसूनच लिहावा लागेल. आदल्या रात्री पूर्ण लिहून ठेवलेल्या आभारात फक्त नावं आणि पदं असतात, कारण ज्या कामाचे आभार मानायचे ते तोवर झालेलंच नसतं.

आधी वेळेचं बघ. समारोप साडेचारच्या पुढेच सरकणार आणि खेड्यावरून आलेल्यांचं लक्ष एस.टी.कडे असणार. तुझ्या हातात चार मिनिटं आहेत असं धर. मागच्या रांगेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं बोललं, तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. म्हणजे सगळे मिळून चारशे. सुरुवात, शेवट आणि मधल्या टाळ्या वजा केल्या, तर पंधरा-सोळा आभार बसतात, त्यापेक्षा जास्त नाहीत. यादी वाढली तर बोलण्याचा वेग वाढवू नकोस, माणसं कामानुसार एकत्र कर.

आराखडा पाच टप्प्यांचा ठेव. पहिला, अध्यक्ष आणि उद्घाटक. दुसरा, बोलणारे: बीजभाषक, साधनव्यक्ती, सत्राध्यक्ष, निबंधवाचक. तिसरा, शेतकरी. चौथा, संस्था, प्राचार्य आणि खर्चाचा भार उचलणारे. पाचवा, दिवसभर राबलेले. पहिला आणि चौथा टप्पा आदल्या रात्री लिहून ठेवता येईल. बाकीच्या तिन्हींत नावापुढे दोन ओळी कोऱ्या सोड आणि प्रत्येक सत्र संपताच तिथल्या तिथे भर. संध्याकाळी आठवून लिहू म्हणशील तर सकाळचे वक्ते एकमेकांत मिसळतील.

प्रत्येकाला एकच वाक्य आणि त्या वाक्यात एकच काम. ‘आपल्या बहुमोल वेळातून वेळ काढून अमूल्य मार्गदर्शन केले’ हे वाक्य कुणालाही लावता येतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. लिहून झाल्यावर दोन नावांची अदलाबदल करून बघ. वाक्य तरीही चाललं, तर ते पुन्हा लिही.

आता तुमच्याच विषयातलं एक उदाहरण घेऊ. कीटकशास्त्राचे तज्ज्ञ सांगतील, की शेतातल्या वीस झाडांवरून प्रत्येकी एक हिरवं बोंड तोडून फोडायचं आणि त्या विसांपैकी दोन बोंडांत अळी निघाली, म्हणजे दहा टक्के नुकसान झालं, तर फवारणी करायची. तू कागदावर एवढंच टिपून ठेव: ‘वीस बोंडं, दोन किडकी, मग फवारणी’. त्यावरून वाक्य होईल: ‘फवारणीचा निर्णय अंदाजानं न घेता वीस बोंडं फोडून कसा घ्यायचा, हे आज डॉक्टरसाहेबांनी आम्हाला दाखवलं, मी त्यांचे आभार मानते.’ इथे थांब. दहा टक्केच का, हे समजावायला लागलीस तर ते दुसरं भाषण होईल, आणि तेही मूळ वक्त्यापेक्षा कच्चं.

आकड्यांच्या बाबतीत जपून राहा. कामगंध सापळ्यांबद्दल ते म्हणतील, की दर सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली. तू घाईत ‘एका रात्रीत आठ पतंग’ म्हणालीस, तर कुणीतरी तेच डोक्यात घेऊन घरी जाईल आणि गरज नसताना औषध मारील. कार्यक्रमातलं शेवटचं बोलणं तुझं असल्यामुळे त्यानंतर दुरुस्ती करायला कुणी उभं राहणार नाही. म्हणून आकडा कागदावर बिनचूक असेल तरच घे, नाहीतर ‘सापळे मोजायची रीत’ एवढंच म्हण.

एक वक्ता फवारणीतल्या विषबाधेवरही बोलणार आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना माणसं दगावली आणि त्याच वर्षी बोंडअळीनंही कपाशी खाल्ली. सभागृहात त्या घरांतलं कुणी बसलेलं असू शकतं. तिथे शेर नको, गहिवरही नको. वक्त्यानं हातमोजे, मुखपट्टी कशी घालायची हे करून दाखवलं असेल, तर तेवढ्याचं नाव घेऊन पुढे सरक.

शेतकऱ्यांचे आभार बहुधा ‘उपस्थित शेतकरी बंधू’ एवढ्यावर उरकतात. बोलायला उभा राहिलेल्याचं नाव आणि गाव दोन्ही घे. पाकळ्या न उमललेल्या, टोकाशी गुंडाळल्यासारख्या डोमकळ्या कुणी पिशवीत भरून आणल्या असतील आणि त्या उकलून आतली अळी सगळ्यांनी पाहिली असेल, तर त्या दिवसाची ती एक महत्त्वाची देणगी आहे. प्राध्यापकांना ‘श्री.’ लावलंस तर कोलाम पोडावरून आलेल्या माणसालाही लाव. आपला तालुका तेलंगणाच्या सीमेवरचा, त्यामुळे आडनावं मराठी, तेलुगू, कोलामी अशी सगळीच भेटतात. ज्याचं नाव त्यालाच विचार, त्याच्यासमोर देवनागरीत लिही आणि वाचून दाखव. छापील पत्रिकेवर विसंबू नकोस.

पत्रिकेचा आणखी एक धोका आहे. छापलेले पाहुणे आणि आलेले पाहुणे एकच असतील असं नाही. जेवणाच्या सुट्टीत समन्वयकांसोबत यादीवर खुणा कर. जो आला आणि दुपारी परतला, त्याच्या कामाचे आभार मान. जो आलाच नाही, त्याच्या ‘उपस्थितीबद्दल’ आभार मानलेस तर सभागृह हसेल. त्यानं संदेश पाठवला असेल, तर संदेशाबद्दल मान.

राबणाऱ्यांची नावं त्याच सुट्टीत विचार: नोंदणीच्या टेबलावर कोण, ध्वनिक्षेपक कुणाचा, स्वयंपाक कुणी केला, सभागृह सकाळी कुणी झाडलं. इथे एकच पथ्य आहे. पाच विद्यार्थी राबले असतील तर पाचही नावं घे किंवा एकही घेऊ नकोस. दोन नावं घेतलीस की उरलेले तिघे वर्षभर लक्षात ठेवतात. वेळ नसेल तेव्हा कामाचं नाव घे: ‘नोंदणी, पाणी आणि आसनव्यवस्था सांभाळणारे आमचे विद्यार्थी’. काम नीट सांगितलं तर करणारा स्वतःला ओळखतो.

सुरुवात एका वाक्यात कर: ‘अध्यक्षांच्या परवानगीने मी आभाराचे कर्तव्य पार पाडते.’ व्यासपीठावरच्या सगळ्यांना पुन्हा पदांसकट संबोधू नकोस, ते सूत्रसंचालकानं केलेलं असतं. प्रमाणपत्रं कुठे मिळतील, गाडी कुठे उभी आहे, या सूचना सूत्रसंचालकाला तुझ्या आधीच द्यायला सांग. तुझं शेवटचं वाक्य असं असू दे: ‘सर्वांचे आभार मानून, अध्यक्षांच्या अनुमतीने हे चर्चासत्र संपल्याचे जाहीर करते, राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभे राहावे.’ त्यानंतर कुणाचं नाव राहिल्याचं आठवलं, तर माइककडे परत जाऊ नकोस. खाली उतरून त्या माणसाला गाठ आणि तिथेच आभार मान.

रविवारी रात्री पहिला आणि चौथा टप्पा लिहून झाला की मला फोनवर वाचून दाखव. घड्याळ लावून ऐकतो.

तुझा,
काका